पुदिन्याचा चहा आणि दालचिनीने हार्मोनल मुरुमं, लांबलेली पाळी खरंच सुधारते का?

वारजेकर
वय २७, वजन ५५ किलो. जबड्यावर आणि हनुवटीखाली दुखरी मुरुमं येतात, पाळी ४५ ते ५० दिवसांनी येते. सोनोग्राफीत पीसीओएस म्हटलंय. लग्न झालंय, मूल सध्या नको. रोज दोन कप पुदिन्याचा चहा आणि दुधात चमचाभर दालचिनी पूड, असं तीन महिने करून बघू का? की वेळ फुकट जाईल?

तुळशीबाग
बिनधास्त करा. पुदिन्याने टेस्टोस्टेरॉन कमी होतं हे अभ्यासात सिद्ध झालंय, आणि जबड्यावरची मुरुमं त्याच्यामुळेच येतात. मुळावर घाव घातला की फांद्या आपोआप सुकतात. दालचिनी उष्ण असल्याने पाळी खाली आणते, आपल्या आज्या हेच तर सांगायच्या.

मुळामुठा
अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यातच सगळी गोम आहे. स्पीअरमिंटवर, म्हणजे पुदिन्याच्या गोडसर प्रकारावर, माणसांमधले दोनच अभ्यास सगळीकडे फिरतात. २००७ चा तुर्कस्तानातला अभ्यास २१ बायकांवरचा: पाच दिवस, दिवसाला दोन कप. त्यात फ्री, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन उतरलं, एकूण टेस्टोस्टेरॉन फारसं हललं नाही. तुलनेला दुसरा गटही नव्हता. २०१० चा ब्रिटनमधला जास्त नीट झाला. ४२ जणी, एक महिना, दोन कप, आणि दुसऱ्या गटाला कॅमोमाइलचा चहा. तिथे फ्री आणि एकूण दोन्ही टेस्टोस्टेरॉन खाली आलं.

पण दोन्ही अभ्यास अंगावरच्या जास्तीच्या केसांसाठी होते. मुरुमं मोजलीच नव्हती. शिवाय २०१० च्या अभ्यासात बायकांना स्वतःला केस कमी वाटले, पण तपासणाऱ्यांनी मोजलेल्या गुणांत लक्षणीय फरक नव्हता. आता ज्यांना पुदिन्याचा वास ओळखता येतो त्यांच्या हातात पुदिन्याचा कप दिल्यावर 'मला फरक वाटतो' या उत्तराला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

तुळशीबाग
महिन्याभरात केस कसे कमी दिसतील? केसाचं चक्रच कित्येक महिन्यांचं असतं. अभ्यास लहान होता याचा दोष पुदिन्याला का?

मुळामुठा
हे मान्य. केसांवर परिणाम बघायचा तर कुठल्याही औषधाला सहा महिने द्यावे लागतात. पण मग 'दिसला नाही' हे जसं पुदिन्याविरुद्ध जात नाही, तसं 'दिसला असता' हेही त्याच्या बाजूने जात नाही. आणि रक्तातला आकडा उतरला म्हणून त्वचा सुधारेलच असं नाही. मुरुमांच्या कित्येक बायकांचं रक्तातलं टेस्टोस्टेरॉन नॉर्मलच असतं, त्यांच्या तेलग्रंथीच त्याला जास्त दाद देतात. अशा बाईचा आकडा अजून खाली नेऊन चेहऱ्यावर काय होतं, हे त्या दोन अभ्यासांतून कळत नाही.

एरंडवणे
दालचिनीने पिंपल्स जातातच. एक चमचा मध, पाव चमचा दालचिनी पूड, रात्री फक्त फोडांवर लावून वीस मिनिटांनी धुवायचं. पोटात घ्यायची गरजच काय?

बुधवार पेठ
काकू, त्या पोटात घ्यायचं विचारताहेत. आणि हे मात्र कुणी करू नका. दालचिनीचा तिखटपणा ज्यातून येतो तो सिनामाल्डिहाइड त्वचेला झोंबतो, काहींना त्याची ॲलर्जीही होते. आपल्या रंगाच्या त्वचेवर जळजळ झाली की मुरूम जातं आणि तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतो. म्हणजे आठवड्याचं दुखणं वर्षभराचं होतं.

मुळामुठा
दालचिनीकडे येतो. पाळीसाठी तिच्या बाजूने सगळ्यात जास्त दाखवला जातो तो २०१४ चा अमेरिकेतला प्रयोग. पीसीओएसच्या ४५ बायका, एका गटाला रोज १.५ ग्रॅम दालचिनी, दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, सहा महिने. दालचिनीच्या गटात महिन्याला मध्यक ०.७५ पाळ्या, दुसऱ्या गटात ०.२५. सहा महिन्यांवर धरलं तर साडेचार विरुद्ध दीड. फरक मोठाच आहे, लपवण्यासारखं काही नाही.

आता अडचण. सहा महिने पूर्ण केले १७ जणींनी. २८ जणी मधेच गळल्या. आणि इन्सुलिनचा प्रतिरोध किंवा टेस्टोस्टेरॉन यांत काहीच बदल झाला नाही. म्हणजे दालचिनी 'इन्सुलिन सुधारून पाळी आणते' ही जी गोष्ट सांगितली जाते, तिला त्याच प्रयोगाने आधार दिलेला नाही.

तुळशीबाग
गळती दोन्ही गटांत होती. तिच्यामुळे निकाल उलटा होतो असं कुठे सिद्ध झालंय? काही जणींचं पाळीआधीच्या टप्प्यातलं प्रोजेस्टेरॉन तपासलं तर बीज सुटल्याचंही दिसलं होतं. म्हणजे नुसता रक्तस्राव नाही, खरी पाळी.

मुळामुठा
पाच नमुने. पण हो, तो मुद्दा खरा आहे, आणि तो तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे.

कर्वे रोड
दोघंही वारजेकरांचा आकडा विसरलात. ज्यांना दोन-चार महिन्यांत एकदा पाळी येते अशांसाठी ०.२५ वरून ०.७५ म्हणजे मोठी उडी. यांची पाळी ४५ ते ५० दिवसांनी येते. ३० भागिले ४५ केलं तर ०.६७, ३० भागिले ५० केलं तर ०.६. म्हणजे काहीही न घेता त्या आजच त्या दालचिनीच्या गटाच्या जवळपास आहेत. त्या गटातल्या मधल्या निम्म्या बायकांचे आकडे ०.५ ते ०.८३ होते, यांचा त्यातच बसतो. मग त्यांना फायदा किती होईल हे त्या प्रयोगातून काढताच येत नाही. तीन महिन्यांनी पाळी ४२ दिवसांवर आली तर ती दालचिनीने आली की अशीच, हेही कळणार नाही. एरवीही त्यांची पाळी चार-पाच दिवस पुढेमागे होतेच.

बुधवार पेठ
आणि चमचाभर पूड अजिबात नको. किराणा दुकानात मसाल्याची म्हणून जी दालचिनी मिळते ती बहुधा कॅशिया असते: जाड, कडक, एकाच थराची वळलेली साल, दातांनी तुटत नाही. तिच्यात कूमारिन नावाचं द्रव्य असतं आणि ते यकृताला त्रास देऊ शकतं. युरोपातल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. ५५ किलोला ५.५ मिलिग्रॅम. कॅशियाच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३ मिलिग्रॅम धरा, कुठल्या मालात त्याहून बरंच जास्त असतं. प्रयोगातल्यासारखी १.५ ग्रॅम घेतली तर ४.५, काठावर. शिगोशिग चमचा, म्हणजे ३ ग्रॅम, रोज घेतला तर ९. चार दिवस जास्त गेल्याने काही होत नाही, पण तीन महिने रोज म्हणजे तो हिशेब वेगळा. यकृताचा काही त्रास असेल तर कॅशिया घेऊच नये.

शनवार
कूमारिन म्हणजे रक्त पातळ करणारंच ना? मग पाळीत रक्तस्राव वाढेल.

बुधवार पेठ
नाही, ही नेहमीची गल्लत. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी औषधं त्याच घराण्यातली आहेत, पण दालचिनीतलं कूमारिन स्वतः तसं काम करत नाही. काळजी यकृताची. वॉरफरिन चालू असेल तर मात्र दालचिनीचे डोस स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत.

घ्यायचीच तर सिलोन दालचिनी घ्या: पातळ, कागदासारखे बरेच थर, हाताने चुरगळते, वास गोडसर. तिच्यात कूमारिन नावापुरतं. कोकणात लावतात ती 'कोकण तेज' जातही याच प्रकारातली. पूड विकत घेऊ नका, पुडीत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही.

एरंडवणे
मंडईतल्या जुडीचा पुदिना चालेल का? की तो स्पीअरमिंट वेगळा?

मुळामुठा
पान चुरगळून चावून बघा. तोंड एकदम थंड पडलं, श्वास गार लागला तर त्यात मेंथॉल जास्त, म्हणजे पेपरमिंट किंवा जपानी पुदिना. गोडसर, च्युइंगगमसारखा वास आणि थंडावा जवळपास नाही, तर स्पीअरमिंटच्या जवळचा. आपल्या चटणीतला पुदिना बहुतेकदा या दुसऱ्या बाजूला पडतो, पण जुडी जुडीत फरक असतो. दुकानात 'मिंट टी' म्हणून मिळणाऱ्या पिशव्या बऱ्याचदा पेपरमिंटच्या असतात, हे खोक्यावर वाचून घ्या.

तुळशीबाग
ठीक आहे, चमचा मागे घेते. पण पुदिन्याचे दोन कप प्यायला काय हरकत आहे? तोटा तर नाही.

कर्वे रोड
चहाचा तोटा नाही, वाट बघण्याचा आहे. समजा शेवटची पाळी ३ जूनला आली. १८ जुलैला ४५ दिवस होतात. 'पुदिना चालू आहे, येईल' म्हणत १ सप्टेंबर उजाडला की ९० दिवस. पीसीओएसमध्ये तीन महिने पाळी नाही म्हणजे गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि ते बाहेर यावं लागतं. त्यासाठी डॉक्टर काही दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात, त्या थांबल्या की पाळी येते. त्याआधी घरी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, कारण ४५ दिवसांची पाळी असली तरी बीज कधीतरी सुटतंच. थायरॉइडसाठी टीएसएच आणि प्रोलॅक्टिन एकदा तरी झालेलं हवं. ते न करता नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस म्हटलं असेल तर पुन्हा विचारा.

चेहऱ्यासाठी प्रयोग करायचाच असेल तर फक्त पुदिना. त्याच आठवड्यात झिंक, नवा फेसवॉश आणि दूध बंद असं सगळं सुरू केलं तर श्रेय कुणाला द्यायचं? बारा आठवडे द्या. फोटो एकाच खिडकीत, सकाळी, तोंड धुतल्यावर. आणि तारखेने नाही, पाळीच्या दिवसाने जुळवा: पाळीच्या आधीच्या आठवड्यात मुरुमं बऱ्याच जणींना वाढतात, त्यामुळे १० व्या दिवसाचा फोटो ४० व्या दिवसाशी लावला तर खोटा निकाल मिळेल.

बुधवार पेठ
हार्मोनल मुरुमांवर पुरावा बघायचा तर स्पायरोनोलॅक्टोन या गोळीवर बघा. २०२३ मध्ये ब्रिटनमधला ४१० बायकांवरचा प्रयोग आला. १२ आठवड्यांना फरक बेताचा, २४ आठवड्यांना जास्त स्पष्ट. पण त्या गोळीने पाळी स्वतःच पुढेमागे होऊ शकते, आणि गर्भ राहिला तर ती बाळाला अपायकारक ठरू शकते, म्हणून तिच्याबरोबर खात्रीचं गर्भनिरोधक लागतं. वारजेकरांची पाळी आधीच लांबते, त्यांना ही गोळी एकटी द्यायची की गर्भनिरोधक गोळीबरोबर, हे त्वचेच्या आणि स्त्रीरोगाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवावं.

तुळशीबाग
म्हणजे शेवटी गोळ्याच. दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये गोळी हातात, एवढंच होतं आपल्याकडे.

कर्वे रोड
तुमचा राग समजतो, तरी पुदिन्याचा पुरावा त्याने वाढत नाही.

वारजेकर
टीएसएच झालं होतं, प्रोलॅक्टिन नाही. शेवटची पाळी येऊन आज ५२ दिवस झालेत. टेस्ट किट आणायला आत्ताच निघतेय. दालचिनीची बरणी उघडून बघितली: जाड, एकाच थराची साल.