मदत हवी: मामांच्या यूट्यूब चॅनेलची मालकी सात दिवसांत बदलणार होती, अजून काहीच दिसत नाही

निफाडचा_भाचा:
नमस्कार मंडळी. मामांचं द्राक्षबागेवरचं यूट्यूब चॅनेल आहे. छाटणी, डिपिंग, भुरी, डाऊनी असं सगळं ते बागेत उभं राहून सांगतात, 2017 पासून. एकोणीस हजारांच्या आसपास सबस्क्रायबर आहेत. चॅनेल काढून दिलं होतं प्रशांतदादाने, आमच्या गावातलाच, तेव्हा तो कॅमेराही धरायचा. आता तो मस्कतला नोकरीला आहे आणि म्हणतो, "तुमचं तुम्ही सांभाळा रे, माझ्या नावावर कशाला ठेवता."

त्याने 3 तारखेला मामांच्या जीमेलवर मालकाचं आमंत्रण पाठवलं. मामांना ते दोन दिवस सापडलंच नाही, जाहिरातींच्या मेलमध्ये जाऊन बसलं होतं. 5 तारखेला संध्याकाळी मी नाशिकहून जाऊन त्यांच्या मोबाईलवर स्वीकारलं. कुठेतरी वाचलं होतं की सात दिवसांत मालकी बदलते. आज 11 तारीख. 3 पासून मोजलं तर दिवस उलटून गेले, पण ना मेल आला, ना कुठे काही बदललं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. काम कुठवर आलंय हे बघायची जागा कुठली? आणि मालकी मामांकडे आली की काय काय त्यांच्याकडे येणार? त्यांना सगळ्यात जास्त काळजी कमेंटची आहे. शेतकऱ्यांनी विचारलेलं आणि त्यांनी रात्री जेवल्यावर एका बोटाने टाईप करून दिलेलं उत्तर, अशी हजारो उत्तरं आहेत तिथे.

पंचवटीकर:
सात दिवस लागतातच भाऊ. दोन टप्प्यांचा पासवर्ड लावून सात दिवस व्हावे लागतात, त्याआधी मालकी देताच येत नाही. आमच्या सोसायटीच्या चॅनेलला हेच झालं. मोबाईलवर नवीन लॉगिन असेल तर आणखी एक दिवस थांबावं लागतं. ते झालं की लगेच, एका मिनिटात नाव बदलतं.

निफाडचा_भाचा:
मामांचा दोन टप्प्यांचा पासवर्ड मागच्या वर्षीपासून चालू आहे. मग?

गंगापूररोड_स्टुडिओ:
पंचवटीकर, तुम्ही सांगताय तो टेलिग्रामचा नियम. टेलिग्रामचा म्हणून बरोबर आहे, पण इथे विषय यूट्यूबचा आहे. सात हा आकडा दोन्हीकडे आहे म्हणून घोटाळा होतो.

भाचेसाहेब, तुमची गाडी अडकलेली नाही, तुम्ही चुकीच्या फलाटावर वाट बघताय. यूट्यूबवर सात दिवसांनी आपोआप काहीही बदलत नाही. प्रशांतने मामांना "मालक" म्हणून घेतलंय. असे मालक चारपाच असू शकतात. त्यांच्यावर एक मुख्य मालक असतो, स्क्रीनवर Primary owner लिहिलेलं दिसतं, आणि ती जागा आजही प्रशांतकडेच आहे. नियम एवढाच की मालक होऊन किमान सात दिवस झालेल्या माणसालाच मुख्य मालक करता येतं. दिवस भरले की प्रशांतनेच परत आत जाऊन मामांच्या नावापुढे ते निवडायचं. त्याने नाही केलं तर सात महिने झाले तरी मामा नुसते मालकच राहतील. बहुतेक लोक इथेच फसतात. आमंत्रण स्वीकारलं की काम झालं असं दोन्हीकडच्यांना वाटतं, आणि दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

तुमचे दिवस मोजायचे 5 पासून, कारण मामा मालक झाले ते स्वीकारल्यावर. मी तर 13 ला सकाळी बघा म्हणेन, एक दिवस हातचा ठेवून.

बघायची जागा ही, कॉम्प्युटरवरच उघडा:

```
myaccount.google.com/brandaccounts
```

मामांच्या जीमेलने उघडलं तर यादीत चॅनेलचं नाव दिसेल. त्यावर जाऊन Manage permissions उघडायचं, तिथे माणसांची यादी आणि प्रत्येकापुढे त्याची भूमिका असते. आमंत्रण स्वीकारलेलं नसेल तर नावापाशी तशी नोंद राहते. स्वीकारलं असेल तर सरळ Owner. किती दिवस उरले हे सांगणारं घड्याळ मात्र तिथे कुठेच नाही. खरी परीक्षा प्रशांतच्या बाजूने होते: मामांच्या भूमिकेवर टिचकी मारल्यावर त्याला Primary owner निवडू देतंय का.

निफाडचा_भाचा:
आत्ताच मामांकडून व्हिडिओ कॉलवर उघडून घेतलं. मामांच्या नावापुढे Owner आहे, प्रशांतदादापुढे Primary owner. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच.

येवल्याची_मनीषा:
जरा थांबा, घाई करू नका. कमेंट जातात! माझं पैठणीचं चॅनेल होतं, दुसऱ्या खात्यावर नेलं तेव्हा मी गिऱ्हाइकांना दिलेली उत्तरं सगळी गेली. व्हिडिओ राहिले, सबस्क्रायबर राहिले, माझी उत्तरं तेवढी नाहीत. मामांना आधी सांगून ठेवा.

गंगापूररोड_स्टुडिओ:
मनीषाताई, तुमचं खरं आहे, पण तुमची गोष्ट वेगळी. तुमचं चॅनेल स्वतःच्या जीमेलला थेट चिकटलेलं असणार, आणि तुम्ही ते ब्रँड अकाउंटवर, म्हणजे अनेकांना मिळून सांभाळता येणाऱ्या खात्यावर, हलवलंत. त्यात चॅनेल एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवतात. त्या वेळी तुम्ही चॅनेलच्या नावाने लिहिलेल्या कमेंट मागे राहतात. आणि ज्या ब्रँड अकाउंटवर हलवता त्यावर आधीचं एखादं चॅनेल असेल तर तेच पुसलं जातं, हे तर फार जणांना कळतच नाही.

मामांचं चॅनेल वर दिलेल्या यादीत दिसतंय, म्हणजे ते आधीपासून ब्रँड अकाउंटवर आहे. इथे घर तेच राहतं, फक्त सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. व्हिडिओ, सबस्क्रायबर, कमेंट, मामांची उत्तरं, चॅनेलचा पत्ता, आकडेवारी, यातलं काही हलतच नाही, त्यामुळे हरवायचा प्रश्न नाही. स्ट्राइक असेल तर तीही तशीच राहते, एवढं लक्षात असू द्या.

येवल्याची_मनीषा:
बरोबर, माझं जीमेलवरच होतं. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर उत्तरांचे फोटो तरी काढून ठेवले असते.

सातपूर_आयटीआय:
माझाही प्रश्न यातच विचारतो. आमच्या सरांनी मला स्टुडिओमधून मॅनेजर केलंय, दोन वर्षं झाली. आता ते निवृत्त होताहेत. मला मुख्य मालक करायचं तर तो पर्याय त्यांना दिसतच नाही. सात दिवस तर केव्हाच झाले.

गंगापूररोड_स्टुडिओ:
ते दार वेगळं आहे. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमधून दिलेल्या परवानगीत मॅनेजर, एडिटर वगैरे होता येतं, मालकी देता येत नाही. तिथलं आमंत्रण तर तीस दिवसांत बादही होतं. सरांनी वरच्या ब्रँड अकाउंटच्या पानावर चॅनेल दिसतंय का ते आधी बघावं. नसेल तर मनीषाताईंचा रस्ता, म्हणजे आधी हलवणं आलं. सर निवृत्त व्हायच्या आत करा, नंतर त्यांचा पासवर्ड कुणाला आठवायचा नाही.

निफाडचा_भाचा:
आणि पैशाचं? महिन्याला थोडेफार येतात, औषधाचा खर्च निघतो. ते प्रशांतदादाच्या बँकेत जातात आणि तो इकडे पाठवतो.

गंगापूररोड_स्टुडिओ:
चॅनेलबरोबर न येणारी मोठी गोष्ट तीच. ॲडसेन्स, म्हणजे जाहिरातींचे पैसे ज्यातून मिळतात ते गूगलचं खातं, प्रशांतच्या नावाचं आहे आणि ते कुणाला हस्तांतर होत नाही. मालकी बदलली तरी पैसे त्याच्याच खात्यात जात राहतील. मामांनी स्वतःचं ॲडसेन्स घेऊन स्टुडिओच्या Earn भागातून जोडणी बदलायची. एकदा बदलली की 32 दिवस पुन्हा बदलता येत नाही, म्हणून नाव, पत्ता, करविषयक माहिती नीट तपासूनच बटण दाबा. मामांचं आधीचं एखादं ॲडसेन्स असेल तर दुसरं काढू नका, एका माणसाला एकच चालतं.

पत्त्याबद्दल खास सांगतो, कारण आपल्याकडे यातच महिने जातात. कमाई दहा डॉलरला पोचली की गूगल टपालाने पिन पाठवतं, दोनतीन आठवड्यांत येतो. मामा मळ्यात राहतात ना? नुसता गट नंबर आणि शिवार लिहिलंत तर ते पत्र ग्रामपंचायतीच्या टेबलावर पडून राहील. तुझाच नाशिकचा पत्ता दे.

पंचवटीकर:
पैशाचं विचारतो, महिन्याच्या मध्येच जोडणी बदलली तर त्या महिन्याचे पैसे कुणाचे? माझ्या मेव्हण्याचे अख्खे नव्या खात्यात आले.

येवल्याची_मनीषा:
माझे जुन्यात गेले होते. मी 20 तारखेनंतर बदललं होतं.

गंगापूररोड_स्टुडिओ:
दोन्ही ऐकलंय. मागच्या महिन्याची पक्की रक्कम 7 ते 12 तारखेच्या दरम्यान ॲडसेन्समध्ये उतरते. ती उतरलेली दिसली की मग बदला आणि चालू महिन्याचं प्रशांतशी तोंडी ठरवून घ्या. घरचा माणूस आहे.

निफाडचा_भाचा:
आज 13. प्रशांतदादाने कामावर जायच्या आधी उघडलं, या वेळी Primary owner निवडता आलं. परत एकदा खात्री विचारली, त्याने हो म्हटलं आणि त्याच क्षणी मामांच्या पानावर बदललेलं दिसलं. दादाचं नाव अजून यादीत आहे.

पण दुपारी मामांचा फोन, घाबरलेला आवाज. "अरे, सगळे व्हिडिओ गेले, शून्य सबस्क्रायबर दाखवतंय!"

गंगापूररोड_स्टुडिओ:
काही गेलं नाही. ते त्यांच्या जीमेलचं स्वतःचं रिकामं चॅनेल बघताहेत. वरच्या गोल फोटोवर टिचकी, Switch account, आणि यादीतून बागेचं चॅनेल निवडायचं. स्टुडिओमध्येही तसंच. व्हिडिओ चढवण्याआधी तो गोल फोटो रोज बघायची सवय लावा, नाहीतर एखादा डाऊनीचा व्हिडिओ रिकाम्या चॅनेलवर चढेल आणि कुणाला दिसणारच नाही.

प्रशांतचं नाव आपोआप निघत नाही, ते मामांनी काढायचं. पण ॲडसेन्सची जोडणी बदलून पहिला हप्ता मामांच्या बँकेत दिसेपर्यंत राहू द्या. मध्येच काही अडलं तर आत शिरायला दुसरा माणूस असलेला बरा.

निफाडचा_भाचा:
दिसलं! मामांनी पहिली कमेंट उघडून बघितली ती 2018 ची, पिंपळगावच्या एका शेतकऱ्याची, घड जिरण्याबद्दलची. खाली त्यांचं उत्तर जसंच्या तसं, "बी" च्या जागी "भी" सुद्धा तशीच. ॲडसेन्सचा अर्ज रविवारी भरतो, पत्ता इंदिरानगरचा देतोय. पिन आला की इथेच सांगेन.