मदत हवी आहे: गुरुवारी प्रेझेंटेशन, डोक्यात तेच तेच चालू

घाटमाथा: गुरुवारी ११ ला प्रेझेंटेशन आहे, तीन रात्री धड झोप नाही. आरशासमोर 'मस्तच होणार' म्हणून झालं, उलट जास्तच धडधडतं. पटकन काहीतरी सांगा, 'टेन्शन घेऊ नकोस' सोडून.

पोहेवाले काका: स्लाइड किती? फॉन्ट मोठा ठेव, मागच्यांना दिसत नाही.

घाटमाथा: काका, स्लाइड झाल्यात हो.

रेवा_ठाणे: समोर कोण असणार? आणि नेमकं काय होईल असं वाटतंय? 'टेन्शन आलंय' ही भावना झाली. डोक्यात जे वाक्य फिरतंय ते लिही.

घाटमाथा: रिजनल हेड आणि क्लायंट. मागच्या वेळी एक आकडा विचारला आणि मी ब्लँक, ते सांगायचं राहिलं. वाक्य म्हणजे 'परत ब्लँक होणार आणि मला काही येत नाही हे सगळ्यांना कळणार'.

रेवा_ठाणे: ही दोन वाक्यं आहेत. ब्लँक होईन हा अंदाज, काही येत नाही हा तू स्वतःला दिलेला निकाल. दोन्ही किती खरी वाटतात, १०० पैकी आकडा टाक.

घाटमाथा: ८०, ९०.

सह्याद्री८१: एवढं कोण लिहीत बसणार! हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्सनी २०१४ मध्ये दाखवलंय, 'मी शांत आहे' ऐवजी 'मी एक्सायटेड आहे' असं मोठ्याने म्हटलेल्यांची भाषणं सरस ठरली. दोन मिनिटांत भीती गायब.

रेवा_ठाणे: भाषणं सरस ठरली हे बरोबर, भीती गायब नाही झाली. धडधड राहतेच, फक्त तिला वेगळं नाव मिळतं. आत शिरायच्या आधी जरूर म्हण. पण 'मला काही येत नाही' ते तिथेच राहतं.

मिसळपुराण: माझा मेहुणा स्टेजआधी प्रोप्रानोलॉल घेतो, हात थरथरत नाहीत. विषय संपला.

कंपाउंडर: दम्याच्या माणसाला ती गोळी महागात पडते. डॉक्टरला न विचारता नको.

रेवा_ठाणे: घाटमाथा, ९० वाल्याचा पुरावा काय? आणि त्याच्या विरुद्ध काय?

घाटमाथा: पुरावा तोच एक आकडा. विरुद्ध म्हणजे बाकीची वीस मिनिटं नीट बोललो होतो, आकडा संध्याकाळी मेल केला, काम आमच्याकडेच राहिलं.

रेवा_ठाणे: मग असं लिही: 'एखाद्या प्रश्नाला अडकेन, अवघडल्यासारखं होईल, तेव्हा "बघून दुपारपर्यंत कळवतो" म्हणेन.' हे तुझं मन मानेल, कारण असं एकदा घडलंय. 'मस्तच होणार' म्हटलं की मन लगेच तो आकडा काढून दाखवतं. आता परत आकडे टाक, शून्य यायला हवं असं नाही.

घाटमाथा: निकालवालं ५० वर आलं. ब्लँकवालं ७५, हलतच नाही.

रेवा_ठाणे: ते नुसतं लिहून उतरायचं नाही. उद्या कोणाला तरी समोर बसव, आडवेतिडवे आकडे विचारायला लाव आणि एकदा मुद्दाम 'बघून सांगतो' म्हण. पुढे काय होतं ते बघ.

पोहेवाले काका: मी बसतो व्हिडिओ कॉलवर. पण आधी स्लाइड दाखव.