पाहुण्याला आधी गूळ-पाणी, कामाचं नंतर: तुमचे अनुभव सांगा

माईची_नात: काल दारात एक वयस्कर काका आले. लेकीनं दारातूनच विचारलं, "काय काम होतं?" मला औसा तालुक्यातलं आमचं घर आठवलं.

वैशाखात एक पाहुणे चालत आले होते. आजीनं तांब्याभर पाणी दिलं, सोबत गुळाचा खडा. मग चहा. गप्पा पावसाच्या, जनावरांच्या. का आलात, हे कुणीच विचारलं नाही. चहा झाल्यावर आजोबा म्हणाले, "चला, गोठ्याकडं जाऊन येऊ." पेरणीआधीच्या मशागतीसाठी त्यांना चार दिवस बैलजोडी हवी होती, ते त्यांनी तिथं सांगितलं. मी नंतर विचारलं, गोठ्यात कशाला? आजोबा म्हणाले, "चार माणसांत मागायला जीव लाजतो. आणि मला नाही म्हणायची वेळ आली असती, तर तेही चौघांत नको." जोडी दुसऱ्या दिवशी गेली.

तुमच्याकडे कसं होतं?

सातारकर: आमच्यात घाम वाळल्याशिवाय पाणी देत नाहीत. गूळ थंड असतो म्हणून उन्हात देतात.

वैशाली_ताई: दादा, गूळ उष्ण. उन्हातून चालून आलेल्याला गोडानं तरतरी येते, आणि उपाशीपोटी नुसतं पाणी नको म्हणून देतात. माझी आई तरी हेच सांगायची.

सुमन७२: गुळाचा चहा माझा हमखास फाटतो, काय करू?

लातूरचा_पोर: २०१६ आठवलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या आधीपासूनच आमच्याकडे पाहुण्याला अर्धा पेला. आई आधीच म्हणायची, "लागलं तर अजून देते, पण उष्टं टाकू नका." पाहुणे वरून पाणी प्यायचे, म्हणजे उरलेलं चालायचं. चहा मात्र एकदाही चुकला नाही.

भीमाईचा_नातू: वरून पिण्याचं वाचून थांबलो. माझ्या आजोबांना एका वाड्यावर ओंजळीत वरून पाणी ओतायचे. त्यांची कपबशी वळचणीला खोचलेली, पिऊन स्वतः विसळून परत तिथंच ठेवायची. पाणी मिळालं, चहाही मिळाला. काम मात्र अंगणात, सगळ्यांसमोर सांगावं लागलं. गोठ्याकडं कुणी नेलं नाही.

माईची_नात: दादा, आमच्या घरी वेगळी कपबशी होती का, हे मला माहीत नाही. आज आईला फोन करून विचारते.

पुणे_बावधन: गॅस सिलिंडरवाल्या दादांना पण चहा विचारायचा का? ते घाईत असतात.

वैशाली_ताई: पाणी तरी विचारा हो, तीन जिने चढून येतात. सुमनताई, गूळ पूर्ण विरघळून उकळी आली की गॅस बंद करा. दोन मिनिटं थांबून कोमट दूध घाला, परत उकळू नका. तरी फाटला तर तो गूळ बदला.

सुमन७२: आता करून बघते, नणंद आलीय. काय काम आहे ते अजून विचारलं नाही 😊