वायफायचं चॅनेल सोसायटीने ठरवायचं का?

संदीप, पर्वरी
आमच्या सोसायटीच्या फलकावर लागलेली नोटीस: "राउटर शेजारच्या फ्लॅटला लागून असलेल्या भिंतीवर किंवा कपाटात ठेवू नये, घराच्या मध्यभागी उंचावर ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी." राउटर माझा, बिल मी भरतो. शिवाय अ‍ॅपमध्ये बघितलं तर १, ६ आणि ११ वर गर्दी, ३ वर कोणीच नाही. मी रिकाम्या जागी का जाऊ नये?

विनायक
बरोबर आहे तुझं. हा परवान्याशिवाय वापरता येणारा पट्टा आहे, कमिटीने पार्किंग बघावं. मी तर सरळ १३ वर गेलो. आपल्याकडे ते चालतं आणि तिथे सगळं मोकळं.

मंगला
आमच्याकडे गच्चीवरच्या टॉवरबद्दल तीन सभांमध्ये बोलून झालं, कोणी दखल घेत नाही. आणि इथे राउटरसाठी नोटीस!

नितीन, म्हापसा
मंगलाताई, टॉवर वेगळा, त्याचा या नोटिशीशी संबंध नाही.

संदीप, ३ रिकामं दिसतं, पण तसं नाही. चॅनेलांचे मध्य पाच-पाच मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येक राउटर वीस मेगाहर्ट्झ व्यापतो. त्यामुळे ३ वर बसलात की १ ची अर्धी जागा आणि ६ चा एक काठ तुमच्याखाली येतो. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. वेग वाटला जातो, पण काम चालतं. ३ वरून मात्र १ वाल्याचं बोलणं उलगडत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. तो फार मोठा असला तरच तुमचा राउटर थांबतो. एरवी दोघेही बोलत राहतात, एकाच मंडपात दोन भजनी मंडळांनी वेगवेगळ्या तालात गावं तसे. डेटा बिघडतो, पुन्हा पाठवावा लागतो, आणि त्यात शेजाऱ्याचंही नुकसान होतं.

विनायक, १३ आणि ११ मध्ये दहाच मेगाहर्ट्झचं अंतर आहे, म्हणजे तुम्ही ११ वाल्यांच्या अर्ध्या जागेत आहात. शिवाय परदेशातून आणलेली काही उपकरणं १३ ओळखतच नाहीत.

विनायक
पण माझा स्पीड सुधारला, हे खरं आहे.

नितीन, म्हापसा
सुधारला असेल. तुमच्या घरापर्यंत ११ वाले क्षीणच पोचत असतील तर तसं होतं. ११ वाल्यांनाही विचारून बघा.

एका ओळखीच्यांची गोष्ट सांगतो. दोन बेडरूमचा फ्लॅट, राउटर दाराजवळ चपलांच्या कपाटात, कारण फायबरवाल्याने वायर तिथेच सोडली. चॅनेल ३, रुंदी ४०. बेडरूममध्ये सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या, तरी व्हिडिओ कॉल अडकायचा. त्यांनी कंपनीकडे तक्रारींवर तक्रारी केल्या. मी लॅपटॉपवरून त्यांच्याच राउटरला पिंग केलं:

```
ping 192.168.1.1
```

(तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो.) उत्तर कधी ३ मिलिसेकंदांत, कधी २०० च्या वर. हा प्रवास घरातल्या घरात आहे, कंपनीची लाइन यात येतच नाही. म्हणजे घोळ हवेत. सिग्नल भरपूर पण पिंग उड्या मारतो, तर गर्दी; सिग्नलच क्षीण, तर भिंत किंवा जागा. आम्ही ६ वर गेलो, जिथे आधीच चार शेजारी होते, रुंदी २० केली, राउटर हॉलमधल्या कपाटावर ठेवला आणि टीव्हीला वायर जोडली. उड्या जवळजवळ थांबल्या. टीव्ही हवेतून गेल्याचाही त्यात वाटा असणार, फक्त चॅनेलचं श्रेय नाही. जे ५ गिगाहर्ट्झवर चालतं ते तिकडेच न्यावं. तिथे जागा जास्त आहे, आणि ते भिंतीतून कमी जातं म्हणून शेजाऱ्याकडेही कमी पोचतं.

संदीप, पर्वरी
बरं, ३ सोडतो. पण चॅनेल "ऑटो"वर ठेवलं तर राउटर स्वतःच निवडेल ना? नोटीस हवीच कशाला?

नितीन, म्हापसा
बरेच राउटर सुरू होतानाच हवा तपासतात. पावसाळ्यात वीज जाते, परत येते, आणि अख्खी इमारत एकदम सुरू होते. त्या क्षणी सगळ्यांना हवा रिकामी दिसते आणि बरेच जण एकाच चॅनेलवर बसून राहतात. अधूनमधून पुन्हा तपासणारा राउटर असेल तर ऑटो ठीक.

स्नेहल, मडगाव
मला नोटिशीतलं चॅनेल पटतं, "मध्यभागी ठेवा" पटत नाही. माझं घर भाड्याचं, वायर दारापाशी येते, भिंतीला भोक पाडायला मालक परवानगी देत नाही. त्यात आमच्या मजल्यावरचे दोन फ्लॅट बंद. मालक आखातात, आणि राउटर पर्यटकांसाठी बारा महिने चालू, रुंदी ४०. त्यांना ही नोटीस कोण वाचून दाखवणार?

विनायक
म्हणूनच म्हणतो, सक्ती करायची तर आधी त्यांच्यावर करा.

नितीन, म्हापसा
सक्ती होणार नाही, ही विनंतीच आहे. स्नेहल, ते दोन राउटर अ‍ॅपमध्ये कोणत्या चॅनेलवर दिसतात ते बघा. ते हलणार नाहीत असं धरून बाकीच्यांनी १, ६, ११ आपसात वाटून घ्यायचे. पण एक १ वर आणि दुसरा ११ वर पसरला असेल तर ६ सुद्धा धड मोकळा राहणार नाही. मग मालकाला फोन करण्यावाचून मलाही दुसरं काही सुचत नाही.