दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर नव्याने करायचं आहे, पण घर सोडता येत नाही. कामाचा क्रम कसा लावावा? (मदत हवी आहे)

केतकीवन

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. इमारत १९९४ ची, लिफ्ट नाही. सासऱ्यांच्या खोलीला लागून असलेल्या बाथरूममधून खाली गळती होते आणि खालच्या काकूंच्या छताचा गिलावा फुगलाय, त्यामुळे काम आता पुढे ढकलता येणार नाही. त्याच वेळी पॅसेजमधलं बाथरूम आणि ओटाही करून घ्यायचा विचार आहे. दोन्ही बाथरूम पाठीला पाठ लावून आहेत.

कंत्राटदार म्हणतो, सगळं एकदम तोडू, दीड महिन्यात देतो, तोवर भाड्याने राहा. पण सासरे वॉकरवर चालतात, त्यांना तीन मजले उतरवायचे म्हणजे खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. सासूबाईंना दमा आहे. मुलगी दहावीला. म्हणून राहत्या घरातच टप्प्याटप्प्याने करायचं ठरवलंय. कुठून सुरुवात करावी? दुसरं बाथरूम चालू ठेवायचं तर आधी काय बघून घ्यायला हवं?

अभि_कल्याण

गळतं ते आधी. उगाच विचार करू नका. खालच्यांनी सोसायटीत तक्रार केली तर तुमचं काम थांबवतील. आणि आता चांगली केमिकल आली आहेत, दोन कोट मारले की झालं. कोबा वगैरे जुन्या पद्धती. आमच्याकडे चौथ्या दिवशी टाइल्स लागल्या होत्या.

सिन्नरकर

आमचं बैठं घर आहे, पावसात स्लॅब गळतो. वरून पत्रे टाकावेत की वॉटरप्रूफिंग करावं? पत्रे टाकले तर घरातलं काहीच हलवावं लागत नाही, म्हणून इथे विचारतोय.

उमाताई

सिन्नरकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे, नवीन धागा काढा, म्हणजे नीट उत्तरं येतील.

केतकी, मला एकच विचारायचंय. पॅसेजमधल्या बाथरूमात कमोड आहे की भारतीय पद्धतीचं भांडं?

केतकीवन

भारतीय. कमोड फक्त सासऱ्यांच्या बाथरूमात आहे.

उमाताई

मग तुमचा क्रम ठरला. पॅसेजमधलं आधी. तिथे कमोड बसू दे, भिंतीत पकडायचे दांडे लागू देत, दार लागू दे, सासरे आठवडाभर ते वापरून बघू देत, आणि मगच त्यांचं तोडायला घ्या. माझ्या आईच्या वेळी आम्ही हे केलं नाही आणि दीड महिना खोलीत कमोडची खुर्ची ठेवावी लागली. तिला त्याचा फार त्रास झाला, शरीराला कमी आणि मनाला जास्त.

साइटवाला

उमाताईंशी सहमत. मी या कामांवर सुपरवायझर म्हणून बरीच वर्षं उभा राहिलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अभि यांचं अर्धं बरोबर आहे. गळती गंभीर आहे, पण तिला दोन महिने आवर घालता येतो. सासऱ्यांच्या बाथरूमातल्या फरशीचे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या, नहाणीच्या जाळीभोवतीची फट नीट बुजवा आणि बाकीच्यांनी तिथे आंघोळ बंद करा. गळती थांबणार नाही, कमी होईल. खालच्या काकूंना मात्र तारखांसकट सांगा, लपवू नका.

केमिकलबद्दल. जुन्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब साधारण फूटभर खाली असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. केमिकल मारलं तरी तो खड्डा भरावाच लागतो. कोबा नको असेल तर हलक्या ब्लॉकचे तुकडे भरतात, वजनही कमी होतं. पण चार दिवसांत टाइल्स म्हणजे पाणी भरून बघितलेलंच नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. घराचे भाग खोल्यांवरून पाडू नका, पाइपांवरून पाडा. पहिला घाव पडायच्या आधी दोन गोष्टी तपासा. गच्चीवर टाकीखालचे कॉक एकेक करून बंद करा आणि घरात कोणता नळ कोरडा पडतो ते लिहून ठेवा. दुसरं, डक्टच्या खिडकीतून बघा, तुमच्या मजल्यावरून किती पाइप बाहेर येतात. जाड किती, बारीक किती. एवढं कळवा, मग पुढचं बोलू.

केतकीवन

काल नवऱ्याने बघितलं. स्वयंपाकघराचा कॉक वेगळा आहे, पण दोन्ही बाथरूम एकाच कॉकवर. डक्टमध्ये जाड पाइप दोन आहेत आणि बारीक एकच.

साइटवाला

मला तीच शंका होती. जाड दोन म्हणजे दोन्ही संडासांचा निचरा वेगळा. बारीक एकच म्हणजे सासऱ्यांच्या नहाणीचं पाणी बहुधा पॅसेजच्या बाथरूमखालून जातं. ही गोष्ट मिस्त्रीला माहीत नसेल तर पहिल्याच दिवशी तो पाइप फोडेल आणि आतल्या बाथरूमचं पाणी तुमच्या उघड्या खड्ड्यात साचेल.

म्हणून असं करा. तोडायच्या आदल्या दिवशी प्लंबरकडून डक्टमधून बाहेरच्या बाहेर आतल्या बाथरूमसाठी तात्पुरती सीपीव्हीसी लाइन ओढून घ्या, तिला स्वतःचा बॉल व्हॉल्व्ह लावा, आणि भिंतीतली जुनी लाइन तिथेच एंड कॅप मारून बंद करा. जुने जीआय पाइप हातोड्याच्या हादऱ्यानेच सुटतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. पॅसेजचा खड्डा उकरताना तो निचऱ्याचा पाइप हाताने मोकळा करायचा, ब्रेकर लावायचा नाही. तो सापडला की शेजारून नवा टाकून एका दिवसात जोड बदलायचा. त्या दिवशी आत आंघोळ नाही, कमोड मात्र चालू राहील.

आणखी एक गोष्ट खड्डा रिकामा झाल्यावरच कळेल. मधल्या भिंतीच्या तळाशी बघा. तिथे बीम दिसला तर दोन्ही खड्डे वेगळे आहेत, निर्धास्त राहा. विटांचा भराव भिंतीखालून पलीकडे गेलेला दिसला तर खड्डा एकच आहे. मग आतल्या गळक्या बाथरूमचं पाणी तुमच्या नव्या कामाखाली येत राहणार. अशा वेळी भिंतीच्या कडेने काँक्रीटचा बांध घालून वॉटरप्रूफिंग त्या बांधावर चढवून घ्यावं लागतं. हे कोटेशनमध्ये 'लागल्यास' म्हणून दरासकट आधीच लिहून घ्या.

अभि_कल्याण

पाणी भरून बघितलं होतं आमच्याकडे. रात्रभर ठेवलं होतं.

साइटवाला

रात्रभर पुरत नाही. किमान ४८ तास, जमलं तर ७२. आणि दोनदा: एकदा खड्ड्याच्या तळाशी कोट वाळल्यावर, दुसऱ्यांदा भराव आणि वरचा थर झाल्यावर. भरावाच्या सिमेंटलाही आठवडाभर पाणी मारत राहावं लागतं, त्यातले दिवस चोरू नका. पाणी दोन इंच भरायचं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची. शेजारीच एका बादलीत पाणी ठेवून तिच्यावरही रेघ मारा. बादलीत जेवढं उतरलं तेवढंच खड्ड्यात उतरलं असेल तर ती वाफ. खड्ड्यात जास्त उतरलं तर कुठेतरी जातंय. खालच्या काकूंच्या छताचा फोटो पाणी भरायच्या आधी आणि नंतर, त्याच कोपऱ्यातून.

एका बाथरूमला तीन आठवडे धरा. कंत्राटदाराचे दिवस चुकतात ते इथे: जुना भराव काढल्यावर स्लॅब ओला निघतो, वर्षानुवर्षं पाणी प्यायलेला. तो वाळल्याशिवाय कोट धरत नाही. किती दिवस लागतील ते कुणीच आधी सांगू शकत नाही. म्हणून दोन बाथरूमच्या मध्ये आठवडाभर मोकळा ठेवा आणि दुसऱ्या कामाचा अ‍ॅडव्हान्स पहिल्यात कमोड फ्लश होऊन दाखवल्यावरच द्या.

केतकीवन

हे सगळं छापून कंत्राटदारासमोर ठेवते. दम्याचं काय करू? सासूबाईंना धूळ अजिबात चालत नाही.

उमाताई

पडदा लावून भागत नाही. पॅसेजच्या तोंडाला जाड प्लॅस्टिक छतापासून जमिनीपर्यंत चिकटपट्टीने चारी बाजूंनी लावा, मधे चेनचं दार मिळतं ते चिकटवा. बाथरूमच्या खिडकीत एक्झॉस्ट बाहेरच्या दिशेने दिवसभर चालू ठेवा, म्हणजे हवा घरातून बाथरूमकडे ओढली जाते, उलटी येत नाही. राडारोडा गोण्यांत भरताना आधी पाणी शिंपडायला लावा. आणि झाडू बंद, ओल्या फडक्यानेच पुसायचं. तोडफोडीचे दोन-तीन दिवस मात्र सासूबाईंना नातेवाइकांकडे पाठवता आलं तर पाठवा. त्या जिना उतरू शकतात ना?

केतकीवन

हो, हळूहळू. नणंद ठाण्यात आहे, तिच्याकडे जातील. ओटा कधी करू? बाथरूमबरोबर उरकावा असं नवऱ्याचं मत आहे, म्हणजे धूळ एकदाच.

साइटवाला

नको. बाथरूम आणि ओटा एकाच वेळी बंद असला की घर राहण्यासारखं उरत नाही. ओटा सर्वात शेवटी, मुलीची परीक्षा झाल्यावर. त्याला दिवसही कमी लागतात. भांडी घासायला आतल्या बाल्कनीत नळ आणि निचरा असेल तर तिथे जुनं सिंक टेबलावर बसवा. इंडक्शन २००० वॅटची असेल तर जवळपास ९ अँपियर ओढते, तेव्हा ती १६ अँपियरच्या सॉकेटवरच लावा, टीव्हीच्या सॉकेटवर नको. गीझर त्याच लाइनवर असेल तर दोन्ही एकत्र चालवू नका. पाइप गॅस असेल तर मीटर किंवा पाइप मिस्त्रीला हलवू देऊ नका, गॅस कंपनीकडेच अर्ज करावा लागतो, आणि तो बाथरूमचं काम सुरू असतानाच देऊन ठेवा.

अभि_कल्याण

फरशीवर फरशी बसवून घ्या बाथरूममध्ये, तोडफोडच नको. अंकल-आंटींना त्रास नाही.

साइटवाला

गळकं नसेल तर चालतं. इथे गळती फरशीच्या खाली आहे, वर दुसरी फरशी लावून ती झाकली जाईल, थांबणार नाही. शिवाय पातळी अर्धा-पाऊण इंच चढते. वॉकरला तो उंबरा नडतो.

उमाताई

उंबऱ्यावरून आठवलं. पॅसेजच्या बाथरूमच्या दाराची रुंदी मोजा, वॉकरसकट. जुन्या इमारतीत दोन फुटांची दारं असतात.

केतकीवन

मोजलं. वॉकर आडवा करूनच जातो. चौकट काढून दार मोठं करता येईल का? एका बाजूला डक्टची भिंत आहे, दुसऱ्या बाजूला स्विचबोर्ड.

साइटवाला

स्विचबोर्डाच्या बाजूने वाढवा, वायरिंग सरकवता येतं. पण त्या भिंतीत कॉलम आहे का ते फोटोवरून सांगणं धोक्याचं. सोसायटीकडे नकाशा असेल तर मागून बघा, नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घरी बोलवा. तोवर त्या भिंतीला हात लावू देऊ नका.

केतकीवन

सचिवांकडे नकाशा मागितलाय. मिळाला की इथेच टाकते. दार मोठं होत नसेल तर सरकतं दार लावून काही इंच मिळतील का, कुणी केलं असल्यास सांगा.