जो-तो वाक्यं आणि हायरार्की

> मराठीतली जो-तो वाक्यं कीनन-कॉम्रीच्या हायरार्कीत बसतात का?

अर्धीच. ही हायरार्की म्हणजे कुठल्या नामावर संबंधी वाक्य बांधता येतं याची उतरंड, वर कर्ता, मग कर्म, अगदी तळाला तुलनेतलं नाम. सोलापुरातल्या दुकानात 'ज्या चादरीपेक्षा ही जाड आहे ती चादर दाखवा' सहज चालतं, म्हणजे १९७७ च्या त्या उतरंडीतली तुलनेची सगळ्यात खालची पायरीसुद्धा जो-तो गाठतो, पण तेच '-लेली' लावून करून बघा, 'जाड असलेली चादर' म्हटलं की तुलनाच गायब आणि जाड भलतीच चादर होते. इथवर ठीक, एखादी पद्धत मधेच थांबते हे त्यांनीही धरलंय. खरी अडचण 'ज्यानं जी चादर विणली त्यानंच ती विकली' यात आहे, कारण कर्ता आणि कर्म दोन्ही एकदम बांधलेत आणि हायरार्की तर एका वेळी एकच नाम धरून चालते, मग हे ठेवायचं कुठल्या पायरीवर?