गृहीतकांत वजाबाकी नाही, मग सूत्रात आली कुठून?

कोरी_पाटी
संभाव्यता स्वतःच शिकतेय. पुस्तकात तीन गृहीतके दिली आहेत. कोणत्याही घटनेची संभाव्यता शून्यापेक्षा कमी नसते, संपूर्ण नमुना अवकाशाची संभाव्यता १ असते आणि विभिन्न, म्हणजे एकाच वेळी घडू न शकणाऱ्या, घटना असतील तर त्यांच्या संयोगाची संभाव्यता म्हणजे त्यांच्या संभाव्यतांची बेरीज. पान उलटलं की लगेच P(A′) = 1 − P(A) आणि P(A ∪ B) = P(A) + P(B) − P(A ∩ B). ही वजाबाकी कुठून टपकली? वेन आकृती पाहून सूत्र लक्षात ठेवलं तर पुरे की सिद्धता करायलाच हवी?

वर्तुळवाला
आकृती पुरे. दोन वर्तुळं काढा, मधला भाग A मध्येही मोजला गेला आणि B मध्येही, म्हणून एकदा वजा. झालं. नवशिक्यांना गृहीतकांपासून सुरुवात करायला लावणं म्हणजे आधी कळस मग पाया.

दशांशचिन्ह
"मोजला गेला" म्हणजे नक्की काय मोजलं, वर्तुळवाले? ठिपके? ठिपके मोजणं तेव्हाच चालतं जेव्हा प्रत्येक ठिपक्याचं वजन सारखं असतं. असा फासा घ्या की ६ पडण्याची संभाव्यता ५/१० आणि बाकीच्या पाचही अंकांची प्रत्येकी १/१०. A म्हणजे सम अंक, B म्हणजे ३ पेक्षा मोठा अंक. ठिपके मोजले तर A ∪ B मध्ये २, ४, ५, ६ असे चार अंक येतात, म्हणजे उत्तर ४/६. खरं उत्तर ८/१०. सूत्र या फाशालाही लागू पडतं: ७/१० + ७/१० − ६/१०. पण ते का लागू पडतं, हे मोजणीतून सिद्ध होत नाही.

कोरी_पाटी, तिसरं गृहीतक फक्त विभिन्न घटनांबद्दल बोलतं. म्हणून आपलं काम एकच: हातातली घटना विभिन्न तुकड्यांत तोडायची. A आणि A′ विभिन्न आहेत आणि दोघांचा संयोग म्हणजे अख्खा नमुना अवकाश S. म्हणून P(A) + P(A′) = P(S) = 1. पहिलं सूत्र इथेच मिळालं.

आता A ∪ B. A आणि B एकमेकांत घुसलेले असतील तर त्यांची सरळ बेरीज करायची परवानगी नाही. पण A आणि "B मधला A बाहेरचा भाग" हे दोन विभिन्न आहेत. या भागाला D म्हणू. मग
P(A ∪ B) = P(A) + P(D).
शिवाय B स्वतःसुद्धा दोन विभिन्न तुकड्यांचा बनलाय, A ∩ B आणि D. म्हणून
P(B) = P(A ∩ B) + P(D).
दुसऱ्या ओळीतून P(D) काढून पहिलीत ठेवा. तुमची वजाबाकी ही अशी आली: तिसरं गृहीतक दोनदा वापरलं आणि साध्या आकड्यांची एक बाजू पलटली. घटनांची वजाबाकी कुठेही केली नाही.

घाईगर्दी
एवढा फापटपसारा कशाला! D म्हणजे B वजा A, म्हणून P(D) = P(B) − P(A). एका ओळीत काम.

दशांशचिन्ह
मग याच फाशावर तपासा. P(B) आणि P(A) दोन्ही ७/१०, म्हणजे तुमच्या ओळीने P(D) शून्य. पण D मध्ये ५ हा अंक बसलाय आणि त्याची संभाव्यता १/१० आहे. तुमचं सूत्र A पूर्णपणे B च्या आत असेल तेव्हा बरोबर, कारण तेव्हा A ∩ B म्हणजेच A. एरवी वजा होतो तो फक्त छेद. काही वेळा तर ऋण उत्तर येईल, तेव्हा पहिलं गृहीतकच तुम्हाला अडवेल.

रात्रपाळी
माझा प्रश्न यातलाच आहे. आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत, एका रात्रीत प्रत्येक बंद पडण्याची संभाव्यता १/१० धरली आहे. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, म्हणजे घटना विभिन्न. तर किमान एक बंद पडण्याची संभाव्यता २/१०, बरोबर ना?

आजीबाई_गणिताच्या
नाही रे बाबा. संबंध नसणं म्हणजे स्वतंत्र असणं, विभिन्न असणं नव्हे. विभिन्न असते तर एक बंद पडला की दुसरा बंद पडणं अशक्य झालं असतं, म्हणजे उलट पक्का संबंध! स्वतंत्र धरलेस तर दोन्ही बंद पडण्याची संभाव्यता १/१००, म्हणून उत्तर १/१० + १/१० − १/१०० = १९/१००. पूरक घटनेने पडताळ: दोन्ही चालू राहण्याची ८१/१००, ती १ मधून वजा कर, तेच येतं. १/१० च्या जागी ६/१० असतं तर तुझ्या बेरजेने १२/१० आलं असतं.

कोरी_पाटी
पण संभाव्यता १ च्या वर जात नाही असं तिन्ही गृहीतकांत कुठेच लिहिलेलं नाही!

आजीबाई_गणिताच्या
लिहावं लागतच नाही. P(A) = 1 − P(A′), आणि P(A′) ऋण नाही. पहिलं गृहीतक इथे कामाला आलं. आता मला सांग, तुझ्या पुस्तकात तिसरं गृहीतक दोन घटनांसाठी आहे की A₁, A₂, A₃ असं न संपणाऱ्या रांगेसाठी?

कोरी_पाटी
न संपणाऱ्या रांगेसाठी. पुढे तीन टिंबं आहेत.

आजीबाई_गणिताच्या
मग दशांशचिन्हांनी एक पायरी गाळलीय. दोन घटनांची बेरीज वापरण्याआधी ती त्या रांगेतून मिळवायला हवी. रांगेत सगळीकडे रिक्त संच ठेव. ते एकमेकांपासून विभिन्नच आहेत आणि त्यांचा संयोगही रिक्त संच. P(∅) ला x म्हण, तर x = x + x + x + …. x धन असता तर उजवी बाजू वाढतच गेली असती, म्हणून x शून्य. आता A, A′ आणि पुढे सगळे रिक्त संच अशी रांग लाव, की दोन घटनांची बेरीज मिळाली. P(∅) = 1 − P(S) असं लिहून पळवाट काढू नकोस, कारण ते पूरक सूत्र अजून सिद्ध व्हायचंय.

वर्तुळवाला
बघा, म्हणूनच म्हणतो! कोल्मोगोरोव्हनेसुद्धा १९३३ मध्ये आधी सांत बेरीजच घेतली आणि अनंताचं गृहीतक वेगळं, नंतर मांडलं. नवशिक्यांना दोन घटनांचं रूप द्या, बाकी पुढच्या वर्षी. आणि आकृतीत क्षेत्रफळ मोजलं तर दशांशचिन्हांचा फासाही बसतो, ६ ला मोठा तुकडा द्यायचा.

दशांशचिन्ह
क्षेत्रफळ घेतलंत तर माझा आक्षेप जवळजवळ संपला, कारण विभिन्न तुकड्यांची क्षेत्रफळं बेरजेत येतात, म्हणजे तुम्ही तिसरंच गृहीतक वापरताय. फक्त ते वापरतोय असं तोंडाने म्हणा. दोन घटनांच्या रूपाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे, आजीबाईंच्या नाही.

आजीबाई_गणिताच्या
तिच्या पुस्तकात जे छापलंय त्यातूनच तिला सिद्ध करायचंय. आज दोन घटनांचं रूप गृहीत धरलं आणि उद्या रांगेचं, तर तिला वाटेल गृहीतकं चार आहेत.

कोरी_पाटी
मी तीन घटनांवर करून पाहिलं. A ∪ B ला एक घटना मानलं, C जोडला, छेदाला पुन्हा तेच सूत्र लावलं. शेवटी + P(A ∩ B ∩ C) आलं.

वर्तुळवाला
तीन वर्तुळांत ते दिसतंच.

दशांशचिन्ह
चार घटनांसाठी चार वर्तुळं काढून सगळे सोळा भाग दाखवा पाहू. चौदाच्या वर जाणार नाहीत.

वर्तुळवाला
लंबवर्तुळं काढतो. थांबा जरा.